पगारपत्रकातले चौदा लॅमिनेटर: फायबर होड्यांच्या एका शेडमधलं स्टायरीन सर्वेक्षण

मालवण आणि देवगडच्या मधल्या एका खाडीकाठावर फायबरच्या मासेमारी होड्या बनवणारी शेड आहे. कामगार 31. इथे पॉलिस्टर रेझिन आणि काचतंतूंची मॅट साच्यावर थरांवर थर चढवून होडी तयार होते. या रेझिनमध्ये साधारण 35 ते 45 टक्के स्टायरीन असतं. मॅट भिजवताना आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढताना त्याची वाफ सुटते. डोकेदुखी, गरगरणं, कामाच्या शेवटी येणारी सुस्ती या तक्रारी नेहमीच्या. दीर्घकाळ जास्त वाफ छातीत गेली तर ऐकू येण्यावर आणि रंग ओळखण्यावरही परिणाम होतो. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्टायरीनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी 50 पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी 100 पीपीएम होती. एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेनं 2020 मध्ये आपली शिफारस आठ तासांसाठी 10 पीपीएमवर आणली. अहवालात आम्ही दोन्ही आकडे देतो. खालची सगळी गणितं मात्र 50 धरून केली आहेत, कारण मालकावर बंधनकारक तोच आकडा होता.

आम्ही जाण्याआधीच्या जानेवारीत एका संस्थेनं इथे मोजणी केली होती. पगारपत्रकात 'लॅमिनेटर' म्हणून 14 नावं होती. त्यातल्या सहा जणांच्या कॉलरला एका दिवशी हवेतली वाफ धरून ठेवणाऱ्या ट्यूब लावल्या. आकडे आले 9, 12, 14, 16, 58 आणि 71 पीपीएम. अहवालात त्यांची सरासरी काढली होती, 30 पीपीएम. शेजारी मर्यादा 50 आणि शेरा 'मर्यादेच्या आत'. तरीही पोरांच्या तक्रारी थांबेनात, म्हणून मालकांनी आम्हाला बोलावलं.

"आपली पोरं सगळी एकच काम करतात, मॅडम. तिघांना लावा नि अहवाल द्या," मालक म्हणाले. माणूस मनानं चांगला. पावसाळ्यात काम नसतानाही कुणाला घरी बसवत नाही. पण सगळे एकच काम करतात हे खरं आहे की नाही, यावरच किती जणांना ट्यूब लावायची हे ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच केली.

जुन्या सहा आकड्यांकडे पाहताना

9 ते 16 या दरम्यान चार आकडे आणि मग थेट 58 आणि 71. मध्ये काहीच नाही. कामाच्या जागच्या हवेतल्या वाफेचे आकडे साधारणपणे लॉगनॉर्मल पसरतात, म्हणजे बरेचसे खालच्या बाजूला आणि थोडे लांब वर गेलेले. म्हणून आपण साध्या सरासरीऐवजी भौमितिक सरासरी आणि पसारा सांगणारं भौमितिक प्रमाण विचलन काढतो. या सहांची भौमितिक सरासरी 21.5 आणि विचलन 2.4 येतं. या क्षेत्रात एक अंगठेनियम सांगतात, की विचलन 3 च्या वर गेलं तर गट, म्हणजे सारख्याच वाफेत काम करणारी माणसं, नीट पाडला नाही असा संशय घ्यावा. तेवढाच नियम लावला असता तर 2.4 सहज पार झालं असतं. तेव्हा विचलन 3 च्या आत आहे एवढ्यावर गट एकजिनसी ठरत नाही. आकडे लॉग प्रमाणपट्टीवर मांडून डोळ्यांनी पाहावे लागतात. इथे ते दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत होते.

शिवाय याच सहा आकड्यांवरून 95 वा शतमक काढला, म्हणजे एका माणसाचा एक दिवस असे शंभर माणूस-दिवस धरले तर त्यातल्या 95 चं एक्स्पोजर, म्हणजे श्वासाच्या हवेतली वाफ, ज्याच्या खाली राहील तो आकडा, तर तो 90 पीपीएमच्या आसपास येतो. 'सरासरी 30, ठीक' हा निष्कर्ष त्याच आकड्यांतून काढलेला होता. आणि एक जरी माप मर्यादेच्या वर गेलं की तो गट सुरक्षित म्हणता येत नाही, इथे तर दोन गेले होते.

जुन्या अहवालात नावं होती, पण कोण कुठे बसून काय करत होता याची नोंद नव्हती. सुपरवायझरच्या रोजवहीत मात्र ती होती. 58 आणि 71 आलेले दोघे त्या दिवशी 32 फुटी होडीच्या पोटात होते. उरलेले चौघे उघड्या साच्यावर.

ट्यूब लावण्याआधी नुसतं बघणं

आम्ही आधी नुसतं काम बघितलं. कोण कुठल्या जागी, हातात काय, किती वेळ, वारा कुठून, आणि तोंड ओल्या रेझिनपासून किती अंतरावर. पगारपत्रकातल्या हुद्द्याला वाफ कळत नाही. तिला कळतं ते अंतर, ओल्या पृष्ठभागाचं आकारमान आणि हवा खेळती आहे की नाही.

साच्यावरून होडीचं कवच निघालं की तिच्या आतून कण्या आणि आडवे पट्टे बसवायचे असतात, मासळीचा कप्पा लॅमिनेट करायचा असतो. हे हातखंडा काम आहे आणि ते करणारे पाच जण ठरलेले. होडीचे काठ त्यांच्या डोक्याच्या वर जातात. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड. होडीच्या तळाशी ती साठते आणि काठांमुळे वारा तिला हलवत नाही. कप्प्याच्या कोपऱ्यात रोलर मारताना माणसाचं नाक ओल्या थरापासून हातभर अंतरावरही नसतं. त्यांच्यातला एक बाहेर येऊन ताडपत्रीखाली बसला नि म्हणाला, "आत बसान काम केला की डोक्या भणभणता. भायर इलो की बरा." बाहेर आलं की बरं वाटतं, ही बातमी आमच्यासाठी महत्त्वाची होती, कारण त्याचं एक्स्पोजर जागेला बांधलेलं आहे हे त्यातून कळत होतं.

उरलेले नऊ लॅमिनेटर छोट्या होड्यांच्या उघड्या साच्यांवर काम करतात. त्यांच्याच शेजारी चार मदतनीस मॅट कापून टबात भिजवून देतात, आणि गर्दीच्या दिवशी रोलरही हातात घेतात. पगारपत्रकात ते 'मदतनीस' म्हणून वेगळे, पगारही कमी. मागच्या मोजणीत म्हणूनच त्यांना ट्यूब लागली नव्हती. हवेच्या दृष्टीनं मात्र ते त्या नऊ जणांमध्येच मोडतात.

अशा रीतीनं 31 जणांची मांडणी अशी झाली. 'अ' गट, होडीच्या पोटातले 5. 'ब' गट, उघड्या साच्यावरचे 9 लॅमिनेटर आणि 4 मदतनीस, म्हणजे 13. 'क' गट, जेलकोट म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचा स्प्रे मारणारे 2. 'ड' गट, ग्राइंडरनं कडा घासणारे आणि कापणारे 7. 'इ' गट, रेझिन-हार्डनरच्या खोलीत मिसळ करणारे 2. राहिले सुपरवायझर आणि सुतार. सुतार शेडच्या बाहेर फळ्या घेऊन बसतो, त्याचं काम वाऱ्यावर. सुपरवायझर दिवसभर सगळीकडे फिरतो, पण बहुतेक वेळ साच्यांपाशीच, म्हणून 'ब' चा निष्कर्ष त्यालाही लावायचा असं ठरवलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ही मांडणी फक्त स्टायरीनसाठी आहे. धुळीसाठी तीच माणसं वेगळी विभागावी लागतील. 'ड' गटातले घासणारे स्टायरीनच्या हिशेबात सगळ्यांत खाली आहेत, आणि काचतंतूंच्या धुळीच्या हिशेबात सगळ्यांत वर. एकदा पाडलेले गट दुसऱ्या घटकासाठी तसेच वापरायचे, हा प्रकार मी अनेक अहवालांत पाहते आणि तो माणसांना महागात पडतो.

किती जण, किती मापं

मालकांच्या हिशेबात तीन. त्यांच्या लेखापालांनी कुठून तरी एक तक्ता आणला होता, त्यात 31 माणसांना 16 नमुने लागतील असं होतं. तो तक्ता खरा आहे. अमेरिकेच्या नायोश संस्थेनं 1977 च्या नमुनाविषयक पुस्तिकेत तो दिला आहे. गटात 8 जण असतील तर 7, 13 असतील तर 11, 30 ते 37 असतील तर 16, आणि गट कितीही मोठा असला तरी 22. सात किंवा त्याहून कमी असतील तर सगळे.

पण तो तक्ता वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गटातल्या सर्वाधिक एक्स्पोजरच्या दहा टक्क्यांपैकी निदान एक माणूस तरी त्या दिवशीच्या नमुन्यात सापडावा, आणि हे 90 टक्के खात्रीनं व्हावं, यासाठी किती जण घ्यायचे, एवढंच तो सांगतो. कोण जास्त धोक्यात आहे याचा अंदाज नसतो तेव्हा तो कामाचा. आम्हाला ते बघून कळलं होतं. आमचा प्रश्न असा होता, की या गटाचं एक्स्पोजर, माणसं आणि दिवस दोन्ही बदलले तरी, मर्यादेच्या किती आत राहतं. त्यासाठी लागतात मापं, आणि ती वेगवेगळ्या दिवसांची. एकाच दिवशी अकरा जणांना ट्यूब लावल्या तर अकरा माणसं कळतात आणि दिवस एकच कळतो. त्या दिवशी वारा चांगला असेल तर अकराही आकडे एकदम चांगले येतात.

म्हणून आम्ही युरोपच्या ईएन 689 या 2018 सालच्या मानकाची पायरी धरली. ती छोट्या कारखान्याला परवडते. आधी तीन मापं. तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली, म्हणजे आपल्याकडे 5 पीपीएमखाली, असतील तर तिथेच थांबा. तसं नसेल तर चार घ्या, ती सगळी 15 टक्क्यांखाली, म्हणजे 7.5 खाली हवीत. पाच घेतली तर 20 टक्क्यांखाली, म्हणजे 10 खाली. यात बसत नसेल आणि एकही माप मर्यादेच्या वर नसेल, तर निदान सहा मापं घेऊन सांख्यिकी चाचणी करायची:

```
U = (ln(50) - ln(GM)) / ln(GSD)
```

यात GM म्हणजे भौमितिक सरासरी आणि GSD म्हणजे भौमितिक प्रमाण विचलन. सहा मापांसाठी U निदान 2.187 हवा. दहा मापं असतील तर 2.005 पुरतो. मापं वाढली की अंदाज पक्का होतो, म्हणून उंबरठा थोडा खाली येतो. या चाचणीचा अर्थ असा, की 95 वा शतमक मर्यादेच्या आत आहे हे आपण 70 टक्के खात्रीनं म्हणू शकतो.

माणसं निवडायला चिठ्ठ्या टाकल्या. सुपरवायझरनं आपणहून नावं सुचवली होती, स्वच्छ काम करणारी, ट्यूब न तोडणारी. अशा नावांचा मोह टाळावाच लागतो. नीटनेटका कामगार रेझिन कमी सांडतो आणि त्याचा आकडाही कमी येतो.

फेब्रुवारीची फेरी

कोळशाच्या ट्यूब, छोटा पंप कमरेला, ट्यूब कॉलरला. प्रवाह मिनिटाला 50 मिलिलिटर. चार तासांत 12 लिटर हवा जाते. स्टायरीनसाठी एका ट्यूबमधून 14 लिटरपेक्षा जास्त हवा नेऊ नये, म्हणून पाळीला दोन ट्यूब, सकाळची आणि दुपारची. दोन्ही मिळून एक माप. प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी तपासला, आणि रोज एक कोरी ट्यूब उघडून बंद करून प्रयोगशाळेत पाठवली.

दोन ट्यूब केल्याचा वेगळाच फायदा झाला. 'ब' गटातल्या एका मदतनीसाचं दिवसाचं माप 17 आलं. त्यात सकाळची ट्यूब 24 आणि दुपारची 10. फेब्रुवारीत सकाळी इथे हवा अगदी पडलेली असते. दुपार व्हायला लागली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि शेडच्या मोकळ्या पश्चिम बाजूनं आत येतात. काम दोन्ही वेळी तेच होतं, फरक वाऱ्याचा. वेळ वाचवायला कुणी फक्त दुपारीच मोजलं असतं तर आकडा 17 ऐवजी 10 आला असता. किनाऱ्यावर अर्ध्या पाळीचं माप मला म्हणूनच मान्य नाही.

'ड' गटाची तीन मापं 2.1, 3.0 आणि 3.8. तिन्ही 5 खाली. तिथे थांबलो. 'इ' गटाची पहिली तीन 6, 7 आणि 9. पहिल्या पायरीत बसली नाहीत, आणि 9 मुळे चारच्या पायरीतही बसणार नव्हती. आणखी दोन घेतली, 5 आणि 8. पाचही 10 खाली, काम संपलं. गटात माणसं दोनच आहेत, पण मापं पाच लागली. दोन माणसं म्हणजे दोन मापं, असं होत नाही.

'क' गटाच्या जेलकोटवाल्यांना आठ तासांचं माप फारसं काही सांगत नाही. ते आठवड्यातून दोनदा थोडा वेळ स्प्रे मारतात, बाकी वेळ साच्यांपाशी असतात. म्हणून स्प्रेच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटांची मापं घेतली. त्यातली दोन 100 च्या वर गेली. स्प्रे शेडच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवायचा आणि सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क घालूनच मारायचा, हा निर्णय त्याच दिवशी झाला. त्याला आणखी आकड्यांची गरज नव्हती.

'अ' गटाचं आम्ही एकच माप घेतलं. 64 आलं. जुने 58 आणि 71 आधीच हातात होते. मालकांनी विचारलं, नियम सहाचा आहे तर इथे एकच कसं? सहा मापं लागतात ती 'मर्यादेच्या आत आहे' असं म्हणण्यासाठी. वर आहे हे कळायला एक माप पुरतं. त्या पाच जणांना आणखी पाच दिवस त्याच पोटात बसवून ट्यूब भरत राहणं मला योग्य वाटलं नाही. ते पैसे पंख्याला वापरा, असं मी मालकांना सांगितलं, आणि उरलेली मापं पंखा बसल्यानंतर घेऊ.

'ब' गटाची सहा मापं, दोन दोन माणसं, तीन वेगवेगळ्या दिवशी: 10, 13, 17, 12, 19, 14. भौमितिक सरासरी 13.8, विचलन 1.26. U येतो 5.5, म्हणजे 2.187 च्या खूपच वर. मदतनीसांची दोन मापं 17 आणि 14, लॅमिनेटरांच्या अगदी मधोमध. ते याच गटात असल्याचा पुरावा तो. हे आकडे 50 च्या आत आहेत आणि 10 च्या मात्र जवळपास सगळे वर, हे अहवालात ठळकपणे लिहिलं.

एकूण पूर्ण पाळीची मापं झाली पंधरा. लेखापालांचा तक्ता सोळा म्हणत होता. संख्या जवळपास तीच. पण सगळ्या 31 जणांत चिठ्ठ्या टाकून सोळा घेतले असते तर एवढं काही कळलं नसतं. होडीच्या पोटातले पाचांपैकी दोन-तीन आले असते आणि त्यांचे आकडे बाकीच्यांच्या गर्दीत मिसळून पुन्हा कुणीतरी सरासरी काढली असती.

जुलै

फेब्रुवारीवर निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण इथलं सगळ्यांत दाट काम पावसाळ्यात असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि ऑगस्टला समुद्रात उतरायला नवी होडी हवी म्हणून मागणी त्याच दोन महिन्यांत अंगावर येते. पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो. ओल लागली तर लॅमिनेट नीट सुकत नाही, म्हणून शेडची पश्चिम बाजू वरपासून खालपर्यंत ताडपत्रीनं बंद. फेब्रुवारीत दुपारी ज्या बाजूनं वारा येत होता, तीच बाजू. माणसं तीच, काम तेच, शेड मात्र दुसरीच. अशा वेळी फेब्रुवारीची आणि जुलैची मापं एका ढिगात टाकू नयेत. गट ही गोष्ट माणसांची जेवढी, तेवढीच परिस्थितीची आहे.

'ब' गटाची जुलैची सहा मापं: 21, 26, 41, 24, 46, 29. सगळी 50 च्या आत. मालकांना हायसं वाटलं. भौमितिक सरासरी 29.9, विचलन 1.36, आणि U येतो 1.66. हवा होता 2.187. चाचणी नापास.

हे समजावून सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "सहाच्या सहा आत आहेत की, मग नापास कसे?" प्रश्न रास्त आहे. आपण मोजले सहा माणूस-दिवस, आणि त्या दोन महिन्यांत 13 जणांचे मिळून असे कित्येक शे माणूस-दिवस होतात. सहांतला सर्वांत मोठा 46 असेल तर न मोजलेल्यांत 50 ओलांडणारे असणारच नाहीत असं म्हणता येईल का? या आकड्यांवरून 95 व्या शतमकाचा अंदाज 49.8 येतो, म्हणजे बरोबर रेषेवर. सहाच मापांवरचा अंदाज म्हणून त्याला 70 टक्के खात्रीची वरची सीमा लावली तर ती 59 पर्यंत जाते.

मालकांचा पुढचा प्रश्न होता, आणखी चार नमुने घेतले तर पास होईल का. दहा मापांना उंबरठा 2.005 आहे. सरासरी आणि पसारा असाच राहिला तर U 1.66 च राहील, आणि दहा मापांनीही नापासच. नमुने वाढवल्यानं आपला अंदाज सुधारतो, हवा सुधारत नाही. ट्यूबचे पैसे तिथे वाया गेले असते.

मग गट आणखी फोडायचा का? 41 आणि 46 ही दोन्ही मापं पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या साच्यावरची होती, ताडपत्रीला खेटून. फेब्रुवारीत होडीच्या पोटातल्या पाच जणांना वेगळं केलं, तसं या कोपऱ्यालाही करता येईल असं माझ्या सहकाऱ्यानं सुचवलं. मी नको म्हटलं. पोटातले पाच जण ठरलेले आहेत. कोपऱ्यातला साचा मात्र कुणाचाच नाही. आज एक, उद्या दुसरा, ज्या होडीची घाई असेल तिथे. माणसं फिरत असतील तर कोपरा हा वेगळा गट होत नाही, तो त्याच गटातल्या चढउताराचं कारण होतो. वेगळा काढला असता तर उरलेल्या चार आकड्यांचा U झकास वर गेला असता आणि कोपऱ्यातली वाफ होती तिथेच राहिली असती. गट फोडून आकडा सुंदर करणं सोपं असतं, म्हणून फोडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, की उद्याही हीच माणसं इथेच असतील का.

त्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, ताडपत्रीला झडप कापून बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. बाहेरून पत्र्याची टोपी, म्हणजे पाऊस आत येत नाही. खाली बसवला तो वाफ जड म्हणून. याआधी छताला दोन पंखे होते, ते वाफ फक्त शेडभर ढवळत होते.

ऑक्टोबर आणि पुढची तारीख

होडीच्या पोटातल्या कामासाठी लवचिक नळी लावलेला ब्लोअर आणला. नळीचं तोंड कप्प्याच्या तळाशी ठेवून वाफ ओढून शेडबाहेर सोडायची, आणि काम पुढे सरकेल तशी नळी सरकवायची. पहिल्या आठवड्यात नळी एकाच जागी पडून राहायची, कारण तिला सरकवायला कुणी मोकळा नसायचा. एका मदतनीसाला ते काम नेमून दिल्यावर फरक पडला.

ऑक्टोबरमध्ये 'अ' गटाची सहा मापं घेतली, पाचही जणांचं एकेक आणि एकाचं दुसऱ्या दिवशी पुन्हा: 14, 19, 22, 11, 27, 17. भौमितिक सरासरी 17.6, विचलन 1.38, U 3.26. गट मर्यादेच्या आत. ही मापं मास्कच्या बाहेरच्या हवेची आहेत. मास्क घातल्याचा हिशेब त्यात धरलेला नाही आणि मास्क सुरूच ठेवायला सांगितलं आहे, कारण 10 पीपीएमच्या शिफारशीपेक्षा हे आकडे अजून वरच आहेत.

पुन्हा मोजणी कधी, याला मानकात कोष्टक आहे. सरासरी मर्यादेच्या दहाव्या भागाखाली असेल तर 36 महिन्यांनी, पाव भागापर्यंत 24, अर्ध्यापर्यंत 18, त्याहून वर असेल तर 12. 'अ' गटाचे 17.6 म्हणजे मर्यादेच्या सुमारे 35 टक्के, म्हणून 18 महिने. ऑक्टोबरपासून 18 महिने मोजले तर एप्रिल येतो. शेड सताड उघडी, दुपारी वारा, आणि मोठ्या होड्यांचं काम तुरळक. त्या महिन्यात मोजलं असतं तर आकडे छान आले असते. म्हणून 'अ' गटाची पुढची मोजणी नऊ महिन्यांनी, जुलैत लावली आहे, ताडपत्री खाली सोडलेली असताना. कोपऱ्यातला पंखा चालू ठेवून 'ब' गटाची सहा मापंही त्याच फेरीत, आणि त्यातली निदान दोन पश्चिमेच्या साच्यावर काम चालू असलेल्या दिवशी.